टोलच आपली वीज तोडतो!

विजेच्या घंटेला वाजत ठेवणारं कुणीच नसतं. आपण कळ दाबतो आणि दाबून धरतो, एवढंच आपलं काम. पुढे टोल घंटेवर आपटतो, मागे येतो, पुन्हा आपटतो, आणि ही सगळी चालू-बंद त्या टोलाची स्वतःची असते. जी वीज त्याला ओढते, तीच वीज तो पुढे सरकून तोडतो! तुटली म्हणून मागे येतो, आणि मागे आला म्हणून ती पुन्हा जोडली जाते. हे मला आत्ता, केस पांढरे झाल्यावर, धरमपेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरात, मोबाइलवर आलेल्या एका वाकड्या फोटोवरून कळलं. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. कॉफी हाऊस चौकात भाजी घ्यायला निघालेल्या शेजारणीलाही सोडलं नाही.

फोटो बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानाचा. ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या धड्यात विद्युत घंटेची आकृती आहे. वर्ध्याचा भाचा आठवीत आहे. त्याने फोटो धाडला आणि खाली लिहिलं, “आत्या, उद्या तोंडी आहे. याचे भाग सांग ना समजावून.” मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. शाळेत मीही अशी आकृती काढली होती, टोकदार पेन्सिलीने, नावं एका सरळ रेषेत लिहून, आणि तिचे पुरे गुणही मिळवले होते. घंटा वाजते कशी हे मात्र त्या गुणांत कुठेच नव्हतं.

फोटो उघडून बोटांनी मोठा केला आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती विजेची नव्हतीच. आकृतीत दोन जातीच्या रेषा असतात. काही रेषा म्हणजे तारा, त्यांतून खरोखर वीज जाते. काही रेषा नुसतं बोट दाखवतात, त्यांच्या टोकाला ‘विद्युतचुंबक’, ‘लोखंडी पट्टी’, ‘संपर्क स्क्रू’, ‘टोल’, ‘घंटा’ अशी नावं असतात. छापील पुस्तकात डोळा हा फरक आपोआप करतो. फोटोत, त्यातून रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत, दोन्ही सारख्याच काळ्या आणि सारख्याच पुसट. भाचा नाव दाखवणारी एक रेषा तार समजून बसला होता आणि त्याच्या हिशेबाने वीज थेट घंटेच्या वाटीत शिरत होती. म्हणून मी त्याला पहिलं काम दिलं: जी रेषा अक्षरांपाशी संपते ती खोडरबराने पुसल्यासारखी मनातून काढून टाक. उरेल ते मंडल.

दुसरी अडचण अधिक गमतीची. पान शिवणीकडे वळलेलं होतं आणि संपर्क स्क्रूचं टोक नेमकं त्या सावलीत गेलं होतं. स्क्रू पट्टीला टेकलाय की नाही, हे काही केल्या दिसेना. सगळ्या आकृतीचा जीव त्या एका मिलिमीटरमध्ये आहे आणि तोच काळा ठिपका झालेला! त्याला म्हटलं, पुस्तकावर दुसरं जाड पुस्तक ठेवून पान सपाट कर, मोबाइल पानाच्या बरोबर वर, आडवा धर, फ्लॅश बंद ठेव, दिवा बाजूला असू दे. आणि सगळं पान नको, फक्त स्क्रूचं टोक जवळून काढ. नवा फोटो आला. स्क्रू टेकलेला होता. टेकलेला म्हणजे आकृती घंटा वाजण्याच्या आधीच्या क्षणाची आहे.

आता बोट बॅटरीवर ठेवून निघायचं. बॅटरीतून कळ. कळ दाबली की वाट जोडली गेली. कळीतून संपर्क स्क्रू. स्क्रूच्या टोकातून, आणि इथे मी खुर्चीवरून उठलेच, वीज त्या लोखंडी पट्टीत शिरते. पट्टी म्हणजे नुसता टोल धरणारा दांडा नव्हे, ती मंडलातली तारच आहे! पट्टीच्या बुडापासून वीज कुंडलात जाते, म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांत, आणि कुंडलातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत. फेरा पुरा झाला. या फेऱ्यात घंटा कुठे आली? नाहीच आली. ज्या भागावरून सगळ्या यंत्राला नाव मिळालं, तो भाग विजेच्या वाटेवर नाही. वाटीच्या जागी स्टीलचा पेला ठेवा, पाटी ठेवा, विजेला फरक पडत नाही. टोलही वाटेबाहेरच. खरी कामकरी ती पट्टी: ती वीज वाहते, ती चुंबकाकडे ओढली जाते, तीच टोल आपटते आणि मागे वळताना तीच स्प्रिंगसारखी जागेवर येते. आकृतीत मात्र तिला इतरांइतकंच एक नाव, एकाच आकाराच्या अक्षरांत. नावं पाठ केली की सगळे भाग सारखे वाटतात, ते यामुळेच.

फेरा पुरा झाला की कुंडलातला लोखंडी गाभा चुंबक होतो आणि पट्टीला ओढतो. पट्टी सरकते, टोल घंटेवर बसतो. पण सरकली म्हणजे स्क्रूपासून सुटली. स्क्रू पट्टीच्या मागे उभा आहे, पट्टी पुढे गेली, मध्ये फट पडली, वीज तुटली. चुंबक गेला. पट्टी आपल्या ताठपणाने मागे आली, स्क्रूला टेकली, वीज पुन्हा सुरू. कळ दाबलेली असेतोवर हेच चालायचं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३१ साली मैलभराहून लांब तारेतून वीज सोडून दूरची घंटा वाजवून दाखवली होती, पण त्या घंटेवर एका वेळी एकच ठोका पडे. वाट आपोआप तोडणारी ही युक्ती त्याच दशकात जर्मनीत फ्रँकफुर्टच्या योहान वाग्नरने केली, आणि असल्या तोडजोडीला पुढे त्याच्या हातोड्याचंच नाव पडलं.

इथवर मी भाच्याला फोनवर मोठ्या रुबाबात सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, “पण आत्या, मग ती मध्येच का नाही थांबत?”

म्हणजे काय रे? तर म्हणाला, पट्टी नुसती जरा पुढे झुकून, स्क्रूला टेकल्यासारखी न टेकल्यासारखी, तिथेच थरथरत राहील ना. ओढ आणि ताठपणा बरोबरीत येतील आणि सगळं गप्प होईल.

हा प्रश्न मला पुस्तकात दिसला नव्हता. पण विचार करा, पोरगं बरोबर बोलत होतं! पट्टी पुढे जात असताना, स्क्रूला टेकलेली असेतोवर चुंबक तिला पुढे ओढतो, म्हणजे तिचा वेग वाढवतो. परत येताना ती स्क्रूला टेकली की चुंबक पुन्हा जागा होतो आणि तिला पुन्हा पुढेच ओढतो, पण आता ती मागे चालली आहे, म्हणजे ही ओढ ब्रेकची. जाताना जेवढं दिलं तेवढंच येताना काढून घेतलं. हिशेब शून्य. त्यात घंटेवर आपटताना शक्ती खर्च होते ती वेगळीच. या हिशेबाने घंटेने दोन-चार ठोके देऊन निजायला हवं.

ती निजत नाही, कारण कुंडलात वीज एकदम चढत नाही. मला हे त्याच रात्री एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं, शंकरनगरच्या बाजूला फिरायला आले असताना. तारेचे वेढे, मध्ये लोखंड. असं कुंडल विजेतल्या कुठल्याही बदलाला आधी अडवतं. स्क्रू टेकला तरी प्रवाह हळूहळू वाढत पूर्ण होतो. हा उशीर फार लहान, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्यासारखा, पण पट्टीचं येणं-जाणंही तसंच झटपट असतं. म्हणून काय होतं? पट्टी मागे येऊन स्क्रूला टेकते तेव्हा प्रवाह नुकता चढू लागलेला असतो, ओढ दुबळी, ब्रेक हलका. स्क्रूला दाबत ती जरा मागे जाते, वळते, पुढे निघते, तोवर प्रवाह भरात आलेला असतो आणि आता ओढ जोरदार. येताना थोडं घेतलं, जाताना पुष्कळ दिलं. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण असाच धक्का देतो ना, तो आपल्याकडे येत असताना नाही, तर मागे येऊन पुन्हा निघाला की. दर फेऱ्याला थोडी शिल्लक पडते आणि त्या शिलकीवर घंटा वाजते. हा हिशेब इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी ध्वनिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात कंप पावणाऱ्या नादकाट्याच्या निमित्ताने मांडला आहे, असंही प्राध्यापक म्हणाले. आठवीच्या पोराच्या प्रश्नाला रॅलेंचं उत्तर! मी हरखून तिथेच रस्त्यावर उभी राहिले.

वीज तोडतानाही कुंडल तसंच अडतं. फट पडली तरी प्रवाह लगेच थांबायला तयार नसतो, तो त्या फटीतून उडी मारतो. अंधारात पाहिलं तर स्क्रूच्या टोकाशी निळसर ठिणगी दिसते. याच ठिणगीने टोक हळूहळू खाल्लं जातं, काळं पडतं. जुन्या घंटांत म्हणून त्या जागी प्लॅटिनमसारख्या टिकाऊ धातूचा ठिपका बसवत.

आता अशी घंटा स्वतः करून पाहिल्याशिवाय मला चैन कुठली! सामान सगळं पायाखालचं. गोकुळपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आठ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बोल्ट. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून २८ गेजची इनॅमल लावलेली तांब्याची तार; तिथे ती वजनावर मिळते, आणि मला लागणाऱ्या तारेचं वजन दहा ग्रॅमही भरत नाही म्हणून दुकानदार हसला. बोल्टवर पाच सेंटिमीटर लांबीत तीनशे वेढे घातले. त्याला साधारण साडेआठ मीटर तार जाते. या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१५ ओहम, म्हणजे सगळ्या कुंडलाचा १.३ ओहमच्या आसपास. टॉर्चचे तीन मोठे सेल एकापुढे एक जोडले की ४.५ व्होल्ट होतात. ओहमच्या नियमाने भागाकार केला तर साडेतीन अँपिअरच्या जवळपास येतात. खरा प्रवाह याहून बराच कमी असतो, कारण सेलच्या आतही रोध आहे आणि तो या कुंडलाच्या तुलनेत लहान नाही. तरी एवढा प्रवाह सेलला जडच, म्हणून घंटा काही सेकंदच वाजवायची.

पट्टीच्या जागी अर्धी हॅकसॉ ब्लेड. एक टोक लाकडी ठोकळ्यावर घट्ट आवळलं, दुसरं मोकळं, त्याला लहानसा नट चिकटवला, तो टोल. ब्लेडसमोर बोल्टचं डोकं, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. ब्लेडच्या मागून, पत्र्याच्या कोनात बसवलेला संपर्क स्क्रू. टोलापुढे स्टीलची वाटी पालथी. जोडणी आकृतीतल्यासारखीच: सेल, स्क्रू, ब्लेड, कुंडल, सेल. कळीऐवजी तार हातानेच टेकवायची. सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे तारेची दोन्ही टोकं आणि ब्लेडवरचा रंग, जिथे जिथे वीज जायची तिथे, पॉलिश पेपरने चकचकीत घासणं. इनॅमल डोळ्यांना दिसत नाही, तांब्यासारखंच लखलखतं, आणि आत वीज जाऊ देत नाही. मुलांचं मंडल चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

मग खरी मजा स्क्रूची. स्क्रू ब्लेडपासून दूर असेल तर काहीच होत नाही, कारण वाटच जुळलेली नाही. स्क्रू फार आत असेल तर तो ब्लेडला पुढे रेटून धरतो. ब्लेड चुंबकाला जाऊन मिळते तरी स्क्रूपासून सुटत नाही. एकच ‘ठण्’ होतो, पुढे सगळं चिडीचूप, आणि कुंडल मात्र गरम होऊ लागतं. गरम होतंय म्हणजे वीज वाहते आहे, तुटत नाही. गार आहे म्हणजे वीज पोचलीच नाही. दोन्हीकडे शांतता, पण बोट लावलं की कळतं कुठली. या दोन टोकांच्या मध्ये, पाव वळसा इकडे, जरासा तिकडे, आणि एकदम ती बोलू लागते!

एक तिसरा खोळंबाही होतो आणि तो मला सगळ्यात आवडला. स्क्रू बरोबर आहे, वीज तुटलीही आहे, तरी ब्लेड बोल्टला चिकटूनच राहते. कारण हॅकसॉ ब्लेड आणि बाजारातला बोल्ट हे पोलाद. एकदा चुंबक झालं की थोडं चुंबकपण धरून ठेवतं. आकृतीत मऊ लोखंड म्हणतात ते याचसाठी, ते वीज गेली की चुंबकपण सोडतं. उपाय पैशाचाही नाही: बोल्टच्या डोक्यावर चिकटपट्टीचे दोन थर. लोखंड लोखंडाला प्रत्यक्ष टेकलंच नाही तर ती उरलीसुरली ओढ अगदी दुबळी पडते. चांगल्या घंटांत याच कामासाठी पितळेची बारीक टाचणी असते. ती आकृतीत नसते.

हे सगळं जुनं झालं, आता दारावर ‘डिंग-डाँग’ असतं, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण माझ्या स्कूटीचा हॉर्न घसा बसल्यासारखा झाला म्हणून रस्त्याकडेच्या मेकॅनिककडे नेला. त्याने हॉर्न उलटा केला आणि मागचा स्क्रू पेचकसाने किंचित फिरवला. “यात काही नाही जी मॅडम, पॉइंट घासून गेले.” पॉइंट! मी विचारलं, आत पत्र्याचा पडदा, त्याच्यामागे चुंबक, आणि पडदा ओढला गेला की पॉइंट उघडतात, असंच ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. हॉर्नमध्ये टोल नाही, वाटी नाही. पडदाच पट्टीचं काम करतो आणि सेकंदाला तीन-चारशे वेळा आपली वीज तोडतो-जोडतो. म्हणून वेगवेगळे ठोके ऐकू येत नाहीत, सलग सूर येतो. खराबीही तीच: पॉइंट चिकटले तर एकदा ‘टक्’ होऊन गप्प, टेकलेच नाहीत तर तेही नाही. लक्ष्मीभुवन चौकातला संध्याकाळचा तो सगळा गोंगाट म्हणजे आठवीची आकृती आहे, शेकडोंच्या संख्येने, बारा व्होल्टवर! त्या गोंगाटाबद्दल माझं मत सुधारलं असं मात्र नाही.

भाच्याची तोंडी झाली. त्याला फक्त भागांची नावं विचारली. त्याने ती सांगितली आणि मग स्वतःहून म्हणाला, घंटा मंडलात नाही. बाईंनी चष्मा वर करून पुस्तकातली आकृती पुन्हा पाहिली म्हणे.

तेव्हा घरात आठवीचं पुस्तक असेल तर ते पान उघडा, नावांवर हात ठेवा, आणि मुलाला विचारा: वीज नेमकी कुठे तुटते, बोट ठेव. ते सापडलं तर बोल्ट आणि तार आणून बसा. एवढंच सांभाळा की हे टॉर्चच्या सेलवरच करायचं. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला या कुंडलाची टोकं कधीही लावायची नाहीत, १.३ ओहमला ती वीज क्षणभरही पेलणार नाही, आणि उघड्या पट्टीला कुणाचा हात लागला तर जीव जाईल.